भरलेल्या अनंत हॉटेलात पाहुणे कसे बसवायचे: मूळ संख्या की तिरप्या रांगा?

माझी मैत्रीण गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्टच्या काल्पनिक हॉटेलावर लघुकथा लिहिते आहे; त्यात 1, 2, 3 अशा क्रमांकांच्या अनंत खोल्या आहेत. हॉटेल भरलेलं आहे आणि दारात अनंत बस उभ्या आहेत, प्रत्येकीत अनंत प्रवासी. व्यवस्थापकाने कोणती युक्ती वापरावी, यावर तिचं अडलंय.

पहिली युक्ती मूळ संख्यांची. खोली n मधला पाहुणा 2ⁿ मध्ये जातो. पहिल्या बसला 3, दुसरीला 5, तिसरीला 7 असे आकडे मिळतात आणि n व्या प्रवाशाची खोली म्हणजे त्या आकड्याचा n वा घात. दुसऱ्या बसमधला चौथा प्रवासी 5⁴, म्हणजे 625 मध्ये. कुणाचीच टक्कर होत नाही, कारण वेगळ्या मूळ संख्यांचे घात कधी सारखे येत नाहीत.

दुसरीत जुने पाहुणे पहिली रांग, पहिली बस दुसरी रांग, असं मांडून तिरप्या रेषांनी मोजत जायचं. r व्या रांगेतल्या s व्या माणसाची खोली: (r+s−2)(r+s−1)/2 + r. आपला तोच प्रवासी तिसऱ्या रांगेत चौथा, म्हणून खोली 18.

सांगायला पहिली सोपी. व्यवस्थापक एका वाक्यात घोषणा करू शकतो. पण 1, 6, 10, 12 अशा अनंत खोल्या रिकाम्या पडतात, आणि भरलेलं हॉटेल जास्त पाहुणे घेऊन रिकामं होतं! मला हाच क्षण कथेचा गाभा वाटतो. तिरप्या मोजणीत एकही खोली उरत नाही, मात्र सूत्रासाठी आकृती लागते.

वाचकाला चकित करायचं असेल तर मूळ संख्या घ्याव्यात. शेवटी हॉटेल पुन्हा काठोकाठ भरलेलं हवं असेल तर तिरप्या रांगा.