घरच्या पीसीवर माइनक्राफ्ट सर्व्हर: पोर्ट उघडू, टेलस्केल लावू की टनेल घेऊ?

भाच्याची दहावी संपली आणि दुसऱ्याच दिवशी फोन, मामा, मित्रांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर टाकायचाय, राउटरमधून पोर्ट उघडून दे ना. मुलं एकूण सहा, चार पुण्यातली, एक नाशिकचा आणि एक दुबईला गेलेला. १६ जीबी रॅमचा पीसी घरात पडूनच होता त्यामुळे मशीनचा प्रश्न नव्हता, प्रश्न एवढाच होता की घरचा आयपी कोणाकोणाच्या हातात द्यायचा. त्या सुट्टीत तीन प्रकार वापरून बघितले, त्यावरून लिहितोय. सगळं जावा एडिशनबद्दल आहे.

आधी आयपी कळला तर होतं काय ते बघू. आयपीवरून घराचा पत्ता सापडत नाही, इंटरनेट कंपनी कुठली आणि साधारण शहर कुठलं एवढंच कळतं, तेही कधीकधी चुकीचं. खरा त्रास दोन गोष्टींचा. पहिली म्हणजे डीडॉस. गेममध्ये हरलेला किंवा बॅन झालेला कोणीतरी चिडतो, पैसे देऊन तुमच्या आयपीवर नुसता ट्रॅफिक ओततो, आणि १०० एमबीपीएसची घरची लाइन भरून जायला फार काही लागत नाही. इथे राउटरचं फायरवॉल कामाला येत नाही, कारण तो कचरा फेकून देईपर्यंत तो तुमच्या लाइनवरून येऊन चुकलेला असतो. मग सर्व्हरच नाही, ताईची ऑफिसची मीटिंग आणि टीव्ही पण बंद.

दुसरी गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भोक, आणि ही मला जास्त गंभीर वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या जावा लायब्ररीत बग सापडला, माइनक्राफ्ट तीच लायब्ररी वापरतो, त्यामुळे गेमच्या चॅटमध्ये एक ठराविक ओळ टाइप केली की सर्व्हरच्या मशीनवर बाहेरच्याचा कोड चालवता येत होता. 1.18.1 मध्ये ते दुरुस्त झालं, पण जुन्या मॉडपॅकसाठी अजूनही 1.12.2 किंवा 1.16.5 चालवणारे कितीतरी जण आहेत, आणि त्यांनी मोजांगने दिलेला उपाय लावला नसेल तर ते भोक आजही उघडंच आहे. आणि तो पीसी घरच्या वायफायवर असतो, बाबांचे बँकेचे कागद ठेवलेल्या लॅपटॉपच्या शेजारी.

आता पर्याय.

सरळ पोर्ट फॉरवर्ड. राउटरमध्ये टीसीपी 25565 पीसीकडे वळवायचा आणि आयपी मित्रांना पाठवायचा. फुकट, पिंग सगळ्यात चांगला, मित्रांना काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही. पण आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. तो 10 ने सुरू होत असेल किंवा 100.64 ते 100.127 मधला असेल तर तुम्ही कंपनीच्या सीजीनॅटमागे आहात, तुमचा असा वेगळा आयपीच नाही, कितीही पोर्ट उघडा बाहेरून कोणी येणार नाही. लोक यात रात्र घालवतात आणि दोष राउटरला देतात.

आमचा आयपी खरा होता म्हणून पोर्ट लगेच चालला. आणि एक दिवस पण झाला नसेल, लॉगमध्ये अनोळखी नावं दिसायला लागली, प्रत्येक ओळीच्या शेवटी `You are not whitelisted on this server!`, म्हणजे व्हाइटलिस्टमध्ये, आत येऊ द्यायच्या लोकांच्या यादीत, नाव नाही. भाचा घाबरला, म्हणे मामा आयपी कोणी लीक केला? कोणीच नाही. बॉट अख्खं इंटरनेट 25565 वर ठोठावत फिरत असतात, उत्तर आलं की व्हर्जन, वर्णन आणि आत कोण खेळतंय त्यांची नावं टिपून घेतात. पोर्ट बदलून थोडी गर्दी कमी होते, बाकी काही नाही. म्हणून पोर्ट उघडणार असाल तर `server.properties` मध्ये हे पाहिजेच:

```
online-mode=true
white-list=true
enforce-whitelist=true
hide-online-players=true
enable-rcon=false
```

यात पहिल्या ओळीला अजिबात हात लावू नका. क्रॅक्ड गेमवाल्या मित्रासाठी ती `false` केली की अकाउंटची तपासणीच बंद होते, मग व्हाइटलिस्टचा पण उपयोग नाही, कारण कोणीही तुमच्या ॲडमिनचं नाव लावून आत येतो आणि त्याला ॲडमिनचे सगळे अधिकार मिळतात.

टेलस्केल. हा प्रायव्हेट नेटवर्कचा प्रकार. सर्व्हरवर आणि प्रत्येक मित्राच्या पीसीवर ॲप टाकायचं, तुमची मशीन त्यांच्याशी शेअर करायची, मग ते 100 ने सुरू होणाऱ्या आतल्या पत्त्यावर जोडतात. राउटरमध्ये एकही पोर्ट उघडायचा नाही, सीजीनॅटमागे पण चालतं, आणि बॉटला ठोठवायला दारच नाही. थेट कनेक्शन जमलं तर पिंगमध्ये फरक कळत नाही, दुबईवाला सुरुवातीला रिलेवरून, म्हणजे टेलस्केलच्या मधल्या सर्व्हरवरून, जात होता तेव्हा त्याला लॅग होता. `tailscale status` टाकलं की नावापुढे `direct` आहे की `relay` ते दिसतं.

यात दोन अडचणी. एक, मित्रांना ॲप आणि लॉगिन समजवायला आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. दुसरी, मशीन शेअर केली की 25565 च नाही, त्यावरचे बाकीचे पोर्ट पण मित्राला दिसू शकतात, शेअर केलेले फोल्डर वगैरे. विंडोजच्या फायरवॉलमध्ये टेलस्केलकडून फक्त 25565 येऊ द्या.

टनेल, म्हणजे playit.gg सारखं काही. त्यांचा छोटा प्रोग्राम पीसीवर चालतो, बाहेर त्यांचा पत्ता दिसतो, तुमचा आयपी लपतो, मित्रांना काही टाकावं लागत नाही. हल्ला झाला तर तो आधी त्यांच्यावर. पण दार सगळ्यांसाठी उघडंच आहे, त्यामुळे व्हाइटलिस्ट आणि अपडेट तितकेच लागतात, लॉगफोरजेसारखा बग टनेलमधूनही तसाच आत येतो. शिवाय लॉगमध्ये सगळ्यांचा आयपी टनेलचाच दिसू शकतो, तसं असेल तर `ban-ip` मारू नका, एकाला काढायला जाल आणि सगळे बाहेर जातील. मग नावाने `ban` करायचं. पिंग थोडा वाढतो, शेतीबांधकाम खेळणाऱ्यांना चालतो, पीव्हीपीवाले कुरकुर करतात.

मुंबईतला छोटा व्हीपीएस म्हणजे भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावरून वायरगार्ड या व्हीपीएनने ट्रॅफिक घरी आणणं हा याचाच स्वतः बांधलेला प्रकार. नियंत्रण जास्त, पण महिन्याचे पैसे आणि लिनक्सची देखभाल तुमच्याकडे. रोज वीस-पंचवीस जण येत असतील तरच एवढा खटाटोप करा.

माझं मत सांगायचं तर ओळखीची पाच-सात मुलं असतील आणि सगळी पीसीवर असतील तर डोळे झाकून टेलस्केल. डिस्कॉर्डवर पत्ता टाकून अनोळखी लोकांना बोलावणार असाल तर टनेल, घरचा आयपी तिथे कधीच टाकू नका. पोर्ट फॉरवर्ड फक्त तेव्हा, जेव्हा मित्र ओळखीचे आहेत पण त्यांच्या मशीनवर ॲप टाकता येत नाही.

एक चूक आमच्याकडून झाली ती सांगतो. आधी दोन आठवडे पोर्ट उघडा होता, मग टनेल घेतला आणि वाटलं आता लपलो. पण जुना आयपी सगळ्यांच्या सर्व्हर लिस्टमध्ये आणि बॉटच्या यादीत तसाच होता. पोर्टचा नियम काढून राउटर रात्रभर बंद ठेवला, सकाळी वॅन आयपी बदललेला दिसला तेव्हा काम झालं. स्टॅटिक आयपी असेल तर तो नुसत्या रीस्टार्टने बदलत नाही, कंपनीला फोन करावा लागतो. आणि डायनॅमिक डीएनएसचं नाव लावलं असेल तर आधी ते बंद करा, नाहीतर ते नाव तुमचा नवीन आयपी पण लगेच जगाला सांगून टाकेल.