दारापासून दारापर्यंतचे किलोमीटर: काही महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

आमचं काम टॉवेल-चादरीच्या डिस्पॅचचं. माल सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून निघतो, काही माल चिंचोळी एमआयडीसीतल्या गोडाऊनमधून, आणि भाडं किलोमीटरवर ठरतं. आधी शीटमध्ये शहर ते शहर असा एकच आकडा असायचा. सोलापूर-पुणे २५०, विषय संपला. पावसाळ्याच्या आधी आम्ही ते काढून प्रत्येक पार्टीचा पूर्ण पत्ता टाकला आणि नकाशा सर्व्हिस जोडून दार ते दार अंतर काढायला लागलो. आता बरेच महिने वापरून झालंय म्हणून सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे गाडीवाले आणि पार्टी यांच्यात यावरनं रोज वाद होतात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

पहिली गोष्ट म्हणजे शहराला दार नसतं. सोलापूर-पुणे म्हणताना नकाशा दोन्ही शहरांचा एकेक बिंदू धरतो आणि त्या बिंदूंमधला रस्ता मोजतो. पुण्यात जीपीओसमोर जुना शून्याचा दगड आहे, पण नकाशात नुसतं पुणे टाकलं की बिंदू तिथेच पडेल असं काही नाही, तो शनिवारवाड्या-महापालिकेच्या बाजूलाही पडतो. म्हणजे पुणे कुठे धरायचं यावरच एक-दोन किलोमीटर इकडं तिकडं. शिवाय नेटवरच्या काही तक्त्यांत सरळ रेषेतलं अंतर दिलेलं असतं, ते सोलापूर-पुण्याला साधारण २३५ येतं. आपला हायवे बराच सरळ आहे म्हणून रस्त्याने १५-२० च वाढतात, घाट असलेल्या वाटेवर ही तफावत कितीतरी जास्त निघते. त्यामुळे कोणी आकडा सांगितला की आधी विचारायचं, रस्त्याचा की आकाशातला.

आता मुख्य मुद्दा. बऱ्याच जणांना वाटतं की दार ते दार म्हणजे थोडं जास्त, शहराच्या आकड्यावर पाच टक्के चढवले की झालं. तसं होत नाही ओ, तो कमी पण होतो. दोन लोड शेजारी ठेवून बघा. पहिला लोड चिंचोळीहून हडपसरला. चिंचोळी एमआयडीसी सोलापूरच्या मध्यापासून पुण्याच्याच बाजूला पंधराएक किलोमीटर, आणि हडपसर पुण्याच्या मध्याआधी आठ-दहा किलोमीटर. म्हणजे गाडी सोलापुरात शिरतच नाही आणि पुण्याच्या मध्यापर्यंत पोचतच नाही, २५० मधून दोन्ही टोकं वजा, अंतर २२५ च्या आसपास. दुसरा लोड अक्कलकोट रोडहून चाकणला. इथे गाडी उलट्या टोकाहून निघते, म्हणजे पाच-सहा किलोमीटर शहर ओलांडण्यातच जातात, आणि पुढे पुण्याच्या मध्यापासून चाकण तीसेक किलोमीटर पलीकडे. बेरीज केली तर २८५. पण नकाशा त्याच्यापेक्षा कमी दाखवतो, कारण चाकणला जाणारा माणूस आधी जीपीओला जाऊन मग वर वळत नाही, तो हडपसरच्या अलीकडूनच वाघोलीकडे फुटतो. म्हणून शहराच्या मध्यातून केलेली बेरीज ही फक्त वरची मर्यादा समजायची, सगळ्यात जवळचा रस्ता धरला तर दार ते दार त्याच्या वर जाऊ शकत नाही. शीटमध्ये कधी त्याच्या वर गेलेला दिसला तर समजा की नकाशाने लांबचा पण लवकरचा रस्ता निवडलाय, किंवा पत्ता भलतीकडे पडलाय. म्हणजे बिलावर दोन्हीकडे "सोलापूर ते पुणे" आणि फरक पन्नासच्या आसपास!

हा फरक टक्क्यांत बसत नाही, कारण तो रस्त्याच्या लांबीवर अवलंबून नसतो, दोन्ही टोकांना दार मध्यापासून किती लांब आणि कोणत्या बाजूला एवढ्यावरच असतो. मुंबई असो की मोहोळ, सोलापूरच्या टोकाला चिंचोळीचे पंधरा तेवढेच राहतात. मुंबईच्या चारशेत ते पंधरा कोणी मोजत नाही. पण मोहोळ सोलापूरहून पस्तीसच्या घरात, चिंचोळीहून तेच वीसवर येतं, जवळजवळ निम्मं. आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं याच जवळच्या फेऱ्यांवर व्हायची आणि कारण हेच होतं. माझं स्पष्ट मत आहे की शंभरच्या आतली कुठलीही फेरी शहराच्या आकड्यावर ठरवूच नये, लांबच्या गाडीला एकवेळ चालेल.

ई-वे बिलाचं वेगळंच, ते या दोन्हींच्या मधलं आहे. पोर्टल पिनकोड ते पिनकोड अंतर स्वतः काढतं, म्हणून हडपसरचा ४११०२८ आणि चाकणचा ४१०५०१ यांना वेगळे आकडे येतात. पण एका पिनकोडमध्ये अख्खी एमआयडीसी किंवा अनेक गावं असू शकतात, तेव्हा तेही दार नव्हे. पोर्टलच्या आकड्यापेक्षा जास्तीत जास्त १० टक्के वाढवून टाकता येतं. दर २०० किलोमीटरला बिलाची एक दिवस मुदत असल्याने २०० च्या काठावरच्या फेऱ्यांना आकडा बघूनच टाका. भाड्यासाठी मात्र तो आकडा वापरू नका, तो मुदतीसाठी आहे.

आता सिस्टिम कुठे फसते ते. पत्ता कळला नाही की नकाशा बहुतेक वेळा एरर देत नाही, गुपचूप शहराचा मध्यबिंदू धरतो, आणि तुम्ही खूश की दार ते दार आलं! आपल्याकडचे पत्ते कसे असतात माहितीये, "अमुक चौकाजवळ, पाण्याच्या टाकीमागे", ते कुठल्या नकाशाला कळणार. ओळखायची खूण सोपी आहे, एकाच गावातल्या दोन वेगळ्या पार्ट्यांना दशांशापर्यंत सारखे किलोमीटर आले की बहुधा दोन्ही पत्ते सापडलेले नाहीत. म्हणून शेजारच्या रकान्यात मी शहर ते शहर आकडाही ठेवलाय, दोन्ही तंतोतंत जुळले की ओळ लाल होते. आमच्या सर्व्हिसमध्ये location_type असाही रकाना येतो, त्यात ROOFTOP असेल तर निवांत, APPROXIMATE असेल तर पार्टीकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवायचं.

पण लोकेशन बरोबर असूनही गेट चुकतं. पिन पडतो शेडच्या छपरावर आणि नकाशा त्याला सगळ्यात जवळच्या रस्त्याशी जोडतो, तो रस्ता भिंतीच्या मागचा असला की गाडी मागच्या बाजूला जाऊन उभी. आमचे जुने ड्रायव्हर मामा म्हणाले, "साहेब, पत्ता सेठचा देऊ नका, गेटचा द्या." तेव्हापासून मोठ्या पार्ट्यांचे पिन आम्ही गेटवर हलवून ठेवलेत. हायवेकाठच्या गोडाऊनला तर जाताना आणि येताना आकडा वेगळा येतो, कारण मधे दुभाजक असतो आणि यू-टर्न पुढे कुठेतरी, म्हणून परतीचं अंतर वेगळं काढा, जाण्याचं दुप्पट करू नका. अजून एक, साधा नकाशा कारचा रस्ता धरतो, दिवसा जड गाड्यांना बंद असलेल्या रस्त्यांचा हिशेब त्यात नसतो, बाहेरून वळसा घालावा लागला तर ते किलोमीटर ड्रायव्हरच्या मीटरवरनंच कळणार.

एकूण वापरत राहणार आहे, पण जुनी शहर ते शहर शीट डिलीट केलेली नाही. नवीन पार्टीने फोनवर अंदाजे भाडं विचारलं की अजून तीच उघडतो, फक्त जवळची फेरी असेल तर आधी विचारतो, गोडाऊन गावाच्या अलीकडे की पलीकडे.