संपृक्त लगदा, १:२.५ की १:५? एकाच मातीचे तीन वेगळे आकडे

एकाच पिशवीतली माती दोन प्रयोगशाळांत गेली. एका अहवालात सामू ८.३ आला, दुसऱ्यात ८.९. क्षारता एकीकडे ०.८, तर दुसरीकडे ०.४. अशा वेळी पहिला संशय यंत्रावर जातो, पण बहुतेकदा यंत्रं ठीकच असतात. एकाने मातीत अडीचपट पाणी घातलेलं असतं आणि दुसऱ्याने पाचपट. त्यामुळे आपल्या कामाला कोणतं प्रमाण घ्यायचं हे ठरवण्याआधी पाणी वाढवल्यावर बीकरमध्ये काय घडतं ते पाहू.

क्षारतेपासून सुरुवात करतो, कारण फसगत तिथेच जास्त होते. वरवर हिशोब सोपा वाटतो: पाणी दुप्पट केलं की क्षार अर्धे पातळ होतात आणि विद्युत वाहकताही अर्धी होते. मिठासारखे सहज विरघळणारे क्षार असतील तर हे जवळजवळ खरं आहे. जिप्समचं मात्र तसं नाही. ते एका लिटर पाण्यात साधारण अडीच ग्रॅमच विरघळतं आणि उरलेलं तळाशी पडून राहतं. पाणी वाढवलं की त्यातलं आणखी थोडं विरघळतं, म्हणून तळाशी जिप्सम शिल्लक असेपर्यंत आकडा खाली येतच नाही.

दोन माती घेऊन हिशोब करू. दोन्हींच्या १०० ग्रॅमला संपृक्त होण्यासाठी, म्हणजे सगळी छिद्रं पाण्याने भरून लगदा होण्यासाठी, ५० मिली पाणी लागतं असं धरू. 'क' मातीत फक्त मिठासारखे क्षार आहेत आणि तिच्या लगद्यातून गाळून काढलेल्या पाण्याची, म्हणजे अर्काची, वाहकता ४ आहे. 'ख' मातीत दुसरे क्षार नाहीत, फक्त १ टक्का जिप्सम आहे. खालचे आकडे डेसिसायमन प्रति मीटरमध्ये, २५ अंश सेल्सिअसला आणि अंदाजे आहेत.

| | संपृक्त लगद्याचा अर्क | १:२.५ | १:५ |
|---|---|---|---|
| माती 'क' | ४.० | ०.८ | ०.४ |
| माती 'ख' | २.२ | २.२ | १.८ |

'ख'ची ओळ आडवी वाचा. लगद्यातल्या ५० मिली पाण्यात जेमतेम ०.१३ ग्रॅम जिप्सम विरघळतं. २५० मिलीमध्ये ०.६५ ग्रॅम विरघळतं, पण पाणी तितकंच संपृक्त असल्याने वाहकता तीच राहते. ५०० मिलीमध्ये सगळं १ ग्रॅम विरघळतं आणि मग कुठे आकडा थोडा उतरतो. आता शेवटचा स्तंभ उभा वाचा. १:५ मध्ये 'ख' माती 'क'पेक्षा चौपट खारट दिसते. प्रत्यक्षात मुळांना त्रास होणार तो 'क' मातीत, कारण मुळांभोवतीचं पाणी लगद्यातल्या पाण्याच्या जवळ जाणारं असतं, मातीच्या पाचपट पाणी घालून पातळ केलेल्या द्रावणाच्या नव्हे.

क्षारयुक्त जमिनीची ४ ही प्रसिद्ध मर्यादाही लगद्याच्या अर्कासाठीच आहे. ती १:२.५ च्या आकड्याला लावली तर बऱ्याच खारट जमिनी निर्धोक ठरतील. एका ठरावीक गुणकाने १:५ चा आकडा लगद्यात बदलण्याचा मोहही टाळावा. ज्या वाळूला संपृक्त होण्यासाठी १०० ग्रॅममागे २५ मिली पाणी पुरतं, तिच्यासाठी हा गुणक सुमारे २० येतो. ८० मिली पिणाऱ्या चिकण मातीसाठी तो ६ च्या आसपास येतो. आणि जिप्सम असेल तर कोणताच गुणक चालत नाही.

जिप्समचा संशय तपासायची युक्ती सोपी आहे. तोच नमुना १:२.५ आणि १:५ अशा दोन्ही प्रमाणांत मोजा. आकडा निम्म्यावर आला तर क्षार विरघळणारे आहेत. तो फारसा हललाच नाही, तर तळाशी काहीतरी अजून विरघळतंय.

सामूची गोष्ट वेगळी आहे. पाणी वाढवलं की तो बहुधा चढतो. मातीचे कण ऋणभारित असतात आणि हायड्रोजन, अ‍ॅल्युमिनियम, सोडियम यांचे आयन त्यांना चिकटलेले असतात. द्रावणात क्षार भरपूर असले की ते हायड्रोजन आणि अ‍ॅल्युमिनियमला कणांवरून ढकलून द्रावणात आणतात आणि सामू खाली राहतो. क्षार पातळ झाले की हे ढकलणं कमी होतं. चोपण जमिनीत आणखी एक भर पडते. कणांवरचा सोडियम सुटून त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन बसतो आणि द्रावण अल्कधर्मी होतं. लगदा आणि १:५ यांच्यात अर्धा अंक किंवा अधिक फरक पडू शकतो तो म्हणूनच. चोपण ओळखायची ८.५ ची खूणही मुळात लगद्याच्या सामूची आहे, हे विसरलं की चांगली जमीन चोपण ठरते.

मग काय निवडायचं? क्षारतेवरून पीक किंवा निचऱ्याचा निर्णय घ्यायचा असेल, तर लगद्याला पर्याय नाही असं माझं मत आहे. तो कष्टाचा आहे हे मान्य. शे-दोनशे ग्रॅमहून अधिक माती लागते, ती चमकेपर्यंत, भांडं कलवलं की किंचित वाहेपर्यंत आणि सुरीवरून अलगद घसरेपर्यंत पाणी घालत मळावी लागते, मग काही तास ठेवून निर्वातावर गाळावी लागते. शिवाय 'चमकली' हे ठरवणारे डोळे बदलले की आकडाही थोडा बदलतो. वर्षानुवर्षं शेकडो नमुन्यांची तुलना करायची असेल तर १:२.५ किंवा १:५ पुरेसं आहे. सामूसाठी मी १:२.५ घेतो, कारण ते जमिनीच्या जास्त जवळ आहे. क्षारतेसाठी १:५ मध्ये निवळ पाणी सहज मिळतं. अर्थात हाताशी असलेला अर्थनिर्णयाचा तक्ता ज्या प्रमाणाचा आहे, तेच प्रमाण सगळ्यांत आधी.

निवड झाली की ती पाळणं आलं. १:५ हे वजनाला आकारमान आहे की आकारमानाला आकारमान, हे आधी लिहून ठेवा. सामूच्या आंतरराष्ट्रीय मानकात ते आकारमानाने धरतात, बऱ्याच प्रयोगशाळा वजनाने. माती हवेत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. ओली माती तशीच वापरली तर प्रमाण गुपचूप सरकतं. कोरड्या वजनावर मोजलेल्या २५ टक्के ओलाव्याच्या १० ग्रॅम मातीत कोरडी माती ८ ग्रॅमच असते. त्यात २५ मिली पाणी घातलं की प्रमाण १:३.४ होतं. अशा वेळी १२.५ ग्रॅम ओली माती आणि २२.५ मिली पाणी घ्यावं.

ढवळण्याचा वेळ ठरलेला ठेवा, कारण जिप्सम सावकाश विरघळतं. सामू मोजताना इलेक्ट्रोड दरवेळी एकाच जागी हवा. तळच्या गाळात आणि वरच्या निवळ पाण्यात एकाच बीकरमध्ये वेगळे आकडे येतात. मी तरी मोजायच्या क्षणी ढवळून घेतो. वाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते, म्हणून ती २५ अंशांवर आणून लिहावी. यंत्र ही दुरुस्ती स्वतः करत असेल तर हाताने पुन्हा करू नये. ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडने २५ अंशांना १.४१ दाखवलं की यंत्र बरोबर आहे.

सामूवर प्रमाणाचा परिणाम जवळजवळ नकोच असेल, तर पाण्याऐवजी ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड वापरता येतं. त्यात क्षारांची पातळी आपणच ठरवतो, म्हणून पाणी कमी-जास्त झाल्याने फारसं बिघडत नाही. आकडा मात्र पाण्यातल्यापेक्षा बहुधा अर्धा ते एक अंकाने खाली येतो, आणि त्याच बीकरमध्ये वाहकता मोजण्यात अर्थ उरत नाही.

एक चूक मी स्वतः बरेच दिवस केली. एकाच बीकरमध्ये आधी सामू घ्यायचो, मग वाहकता. सामूच्या इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराइड थोडं थोडं पाझरत असतं, आणि कमी क्षारांच्या मातीत तेवढ्यानेही आकडा फुगतो. आता आधी वाहकता, मग सामू, आणि अहवालात आकड्याशेजारी प्रमाण, द्रव आणि तापमान.