२००डी मार्क टू साठी दोन पर्यायी बॅटऱ्या: पावसाळ्यापासून लग्नसराईपर्यंतचा अनुभव

कॅननच्या या कॅमेऱ्याला एलपी-ई१७ बॅटरी लागते. हळद आणि रिसेप्शन एकाच दिवशी असलं की एक बॅटरी पुरत नाही, आणि ओरिजिनलची किंमत ऐकून हात आखडतो. म्हणून दोन वेगळ्या ब्रँडच्या पर्यायी बॅटऱ्या घेतल्या. ब्रँडची नावं मुद्दाम देत नाही. अशा बॅटऱ्यांच्या आतले सेल बॅचगणिक बदलतात, त्यामुळे माझ्या हातातली चांगली निघाली म्हणून तुमचीही निघेलच असं नाही.

पहिली घालताच स्क्रीनवर सूचना आली: बॅटरीशी संपर्क होत नाही, तिच्यावर कॅननचा लोगो आहे का? ओके केलं की कॅमेरा चालतो, पण चार्ज किती उरलाय ते दिसत नाही. कॅननच्या मूळ चार्जरवरही ती चार्ज होत नाही, सोबतचा यूएसबी चार्जरच लागतो. दुसरी मात्र ‘फुल्ली डिकोडेड’ म्हणून विकलेली. ना एरर, ना कुरकुर. चार्जची पातळीही व्यवस्थित दिसते. पहिल्या आठवड्यात कुणीही दुसरीलाच चांगलं म्हटलं असतं.

एलपी-ई१७ मध्ये दोन लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांच्याबरोबर कॅमेऱ्याशी बोलणारी एक चिप असते. एरर येते ती चिपमुळे. बॅटरी किती वेळ चालेल हे सेलवर ठरतं. (आधी संपर्काच्या पट्ट्या कोरड्या सुती कापडाने पुसून बघा, हाताच्या तेलकटपणानेही हीच सूचना येऊ शकते.) चिपची नक्कल चांगली जमलेल्या खोक्यात टाकाऊ सेल असू शकतात, आणि उलटही. माझ्याकडे दोन्ही प्रकार निघाले.

लेबलवरून सुरुवात केली. ओरिजिनलवर ७.२ व्होल्ट, १०४० एमएएच आणि ७.५ वॉट-अवर लिहिलंय, ७.२ गुणिले १.०४ केलं की ७.५ येतात. दुसऱ्या बॅटरीवर ७.४ व्होल्ट, १२०० एमएएच, आणि खाली बारीक अक्षरात ७.५ वॉट-अवर. गुणाकार केला तर ८.९ यायला हवेत. म्हणजे मोठ्या अक्षरातला आकडा गिऱ्हाइकासाठी. याच आकाराच्या बॅटरीवर कुणी १८०० लिहिलं असेल, तर ती हातातही घेऊ नका, तेवढी जागाच आत नाही.

मग घरीच चाचणी घेतली. तिन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज केल्या, कॅमेरा आणि कार्ड तेच ठेवलं, वाय-फाय बंद, आणि फुल एचडी व्हिडिओ कॅमेरा बंद पडेपर्यंत. क्लिप अर्ध्या तासाने आपोआप थांबते, तेव्हा पुन्हा बटण दाबायला जवळ बसावं लागतं. ओरिजिनल सुमारे दोन तास दहा मिनिटं चालली, एरर देणारी दोन तासांच्या जरा आत, आणि डिकोडेड सव्वा तास. सव्वा तास म्हणजे ओरिजिनलच्या ५८ टक्के, १०४० च्या हिशेबात जेमतेम ६०० एमएएच. माझी ओरिजिनल वापरून जुनी झालेली आहे, म्हणजे खरा आकडा याहूनही कमीच. एमएएच मोजण्यापेक्षा ही तुलना जास्त भरवशाची वाटते, फक्त तिन्ही चाचण्या सारख्याच तापमानात घ्या.

खरा फरक दिवाळीनंतर दिसला. डिकोडेड बॅटरी निम्म्याहून जास्त चार्ज दाखवत असतानाच फ्लॅश उघडला की कॅमेरा बंद पडायला लागला. पाच मिनिटांनी चालू केला तर पातळी पुन्हा तेवढीच. हे सेलचा अंतर्गत रोध वाढल्याचं लक्षण: जास्त करंट मागितला की व्होल्टेज घसरतं, विश्रांती मिळाली की परत वर येतं. थांबूनही चालू होत नसेल आणि चार्जरला लावल्यावरच जागी होत असेल, तर दोनपैकी एक सेल दुसऱ्याच्या आधी रिकामा होऊन संरक्षण सर्किटने पुरवठा तोडला असण्याची शक्यता जास्त. दोन्हींवर घरी उपाय नाही. फोडून बघायच्या भानगडीत तर पडूच नका.

फुगण्याकडेही लक्ष ठेवा. बॅटरी काचेवर आडवी ठेवून बोटाने टोक दाबा. डुगडुगली, किंवा कप्प्यातून काढताना अडकली, की वापर थांबवा आणि ई-कचऱ्यात द्या. माझी डिकोडेड आता तिथेच जायच्या वाटेवर आहे.

पुढच्या वेळी घेताना लेबलवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघणार, आणि तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून ब्रँडचं नाव जुळतं का ते तपासणार. परत करायची मुदत संपायच्या आत व्हिडिओची चाचणी उरकायची. एरर देणारी बॅटरी बॅगेत ठेवलीये, पण चार्ज दिसत नसल्यामुळे सप्तपदीच्या वेळी ती कॅमेऱ्यात नसते.