‘कंप्लीट सेट’ म्हणून झटका मशीन मागवली, खोक्यात निघाली नुसती पेटी

शेताला झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडून जनावरं हाकलणारी पेटी, लावायचा विचार असेल आणि ऑनलाईन बघत असाल तर हे आधी वाचा, विशेषतः आपल्या शिरपूर, चोपडा, यावलकडचे लोक, कारण सातपुड्याच्या पायथ्याला रानडुकरांचा त्रास कोणाला सांगायला नको आणि मका कणसावर आला की माणूस घाईत असतो, त्याच घाईचा फायदा घेतला जातोय.

आमच्या नानांचा मका यंदा डुकरांनी एका कडेने पार झोपवला. नाना रात्री जागल करून थकले, म्हणून माझ्या चुलतभावाने, दादाने, मोबाईलवर झटका मशीन शोधली. नाव होतं ‘सोलर झटका मशीन कंप्लीट सेट’. फोटोत काय काय होतं ते मी नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. हिरव्यागार शेतात लोखंडी स्टँड उभा, स्टँडच्या डोक्यावर सोलर पॅनल, खाली पेटीत मशीन, मशीनच्या बाजूला काळी बॅटरी आणि वायरीसकट एक अडॅप्टर. किंमत 3,299. त्याच आठवड्यात शिरपूरला एका दुकानदाराने सगळं मिळून 6,200 सांगितले होते, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की चला अर्ध्यात काम झालं.

पार्सल आलं. नानांनी खोकं एका हातात उचललं आणि म्हणाले, "हाई खोकं इतलं हलकं कसं शे रे भो?" त्यांना न उघडताच कळलं होतं. 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची साधी बॅटरी एकटीच दोन किलोच्या वर जाते आणि हे खोकं सगळं मिळून तेवढंही नव्हतं. आत पिवळी प्लॅस्टिकची पेटी, दोन चिमटे लावलेली वायर आणि एक पातळ कागद. बॅटरी नाही, पॅनल नाही, स्टँड नाही, अडॅप्टर नाही.

दादाने मला फोन केला, मी ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. वर नाव, फोटो, किंमत, मग ‘मजबूत झटका’, ‘एवढ्या एकराला पुरेल’, ‘शेतकऱ्यांची पहिली पसंती’ असं बरंच काही. मग ‘आणखी वाचा’ दाबायचं, मग वॉरंटीचं सगळं, आणि एकदम शेवटी बारीक अक्षरात इंग्रजीत दोन ओळी, की फोटो फक्त कल्पना यावी म्हणून आहे आणि बॅटरी, पॅनल, स्टँड व अडॅप्टर वेगळे घ्यावे लागतील. त्याच्याही खाली एका तक्त्यात 1 N असं लिहिलेलं, म्हणजे एक नग. कोणता एक नग ते नाही. आणि नावातलं ‘सोलर’ म्हणजे काय, तर पेटीला मागे पॅनल जोडायची दोन टोकं आहेत, बस.

गावात दोघा-तिघांनी दादालाच ऐकवलं की नीट वाचायचं ना. मला हे अजिबात पटत नाही. फोटो पहिला दिसतो, नाव पहिलं दिसतं, पैसे त्याच्यावरून ठरतात. जे दाखवलंय ते सगळं वर मोठं आणि जे मिळणार नाही ते तळाशी इंग्रजीत, ही मांडणी आपोआप होत नाही हो, ती कोणीतरी बसून केलेली असते. दादा बारावी शिकलेला माणूस आहे, त्याला वाचता येतं, पण ज्या पानावर ‘कंप्लीट सेट’ लिहिलंय तिथे ‘काहीच कंप्लीट नाही’ हे शोधायला कोण जाणार?

आता पुढचं ऐका, कारण खरं नुकसान पार्सल उघडल्यावर सुरू झालं. डुकरं काही थांबणार नव्हती, परत करायला वेळ जाणार, म्हणून दादाने राहिलेल्या वस्तू इथूनच घेतल्या. बॅटरी 1,150 ची, 20 वॅटचा पॅनल 1,400 चा, वेल्डिंगवाल्याकडून स्टँड 600 मध्ये, आणि अडॅप्टर म्हणून दुकानातल्या पोराने 12 व्होल्टचा, टीव्हीच्या डब्याला असतो तसला, 200 रुपयात दिला. पॅनल आठवडाभर उशिरा आला, तोपर्यंत त्या अडॅप्टरवर दिवसभर बॅटरी चार्ज करायची आणि संध्याकाळी शेतात न्यायची असं चाललं.

बॅटरी रोज उतरायची. मशीनची टकटक आधी एका सेकंदाला एक अशी यायची, मध्यरात्रीनंतर रेंगाळायला लागायची आणि पहाटे बंद. डुकरं त्याच वेळेला आत. सगळे म्हणाले बॅटरी डुप्लिकेट आहे. मी गेलो तेव्हा मीटर लावला. दिवसभर चार्जिंगला ठेवून काढलेली बॅटरी थोडा वेळ तशीच ठेवल्यावर 12 व्होल्टच्याही जरा खाली दाखवत होती. असली बॅटरी पूर्ण भरलेली असली की 12.7 च्या आसपास दाखवते, 12 म्हणजे निम्म्याहून कमी. कारण साधं आहे, 12 व्होल्टची बॅटरी भरायला 12 व्होल्ट पुरत नाहीत. सतत लावून ठेवायचा चार्जर असेल तर साडेतेरा ते 13.8 व्होल्ट लागतात, रोज उतरवून रोज भरायची असेल तर 14.4 च्या आसपास लागतात आणि बॅटरी भरली की चार्जिंग आपोआप तोडणारा चार्जर लागतो. टाकीत पाणी चढवायचं आणि बाहेरची पातळी टाकीएवढीच, तर पाणी चढणार कसं, तसं ते. तो अडॅप्टर टीव्हीच्या डब्याला बरोबर होता, बॅटरीला नव्हता. मग 450 चा खरा चार्जर आणला आणि बॅटरी रात्रभर टिकायला लागली, पण अर्धवट चार्जवर राहिल्याने तिचं आयुष्य जे कमी व्हायचं ते झालंच असणार.

म्हणून मी म्हणतो की ‘बॅटरी मिळणार नाही’ एवढं वर लिहिलं तरी ते अर्धंच आहे. कोणती लागेल तेही तिथेच पाहिजे. हिशोब अवघड नाही. ह्या मशीनच्या मागे 0.25 अँपिअर लिहिलंय. रात्रीचे 12 तास धरले तर 3 अँपिअर-अवर गेले. 7 ची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे वापरायला साडेतीन, तेव्हा एक रात्र कशीबशी निघते. 20 वॅटचा पॅनल चांगल्या उन्हात एक अँपिअरच्या जरा वर देतो, चार-पाच तास कडक ऊन पडलं तर रात्रीचं भरून निघतं, 10 वॅटचा घेतला तर नाही निघत, आणि श्रावणातल्या झडीत 20 चाही कमी पडतो, तेव्हा चार्जर घरात असावाच लागतो. हे विकणाऱ्याला माहीत असतं. शेतकऱ्याला डुकरं शेतात घुसल्यावर कळतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पेटी आली आणि बॅटरी नाही हे बघून आमच्या शेजारच्या वावरवाल्याने सल्ला दिला की मोटारीच्या लाईनवरून सरळ तारेत करंट सोडा. हे कधीच करू नका, कोणालाही करू देऊ नका. झटका मशीन तारेत अगदी क्षणभराचा मोजका झटका सोडते आणि मध्ये मोकळा वेळ ठेवते, त्यामुळे जनावर असो की माणूस, सुटून मागे येतं. घरची 230 व्होल्टची लाईन सोडत नाही, माणूस चिकटून जातो. असे जीव गेलेत, आणि ते गुन्ह्यातही मोडतं. अर्धं सामान पाठवून माणसाला अशा सल्ल्यांच्या तोंडी देणं मला पैशाच्या फसवणुकीपेक्षा जास्त लागलं.

पैशाचं म्हणाल तर अडॅप्टरचे वाया गेलेले 200 सोडले तरी वरचे 3,600 लागले. 3,299 मिळवले की 6,899. शिरपूरवाला 6,200 मध्ये बॅटरी भरून, स्टँड रोवून, वर अर्थिंगचा रॉड ठोकून देणार होता. त्याच्या दुकानात नुसत्या मशीनची खोकीपण आहेत, आणि प्रत्येक खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘फक्त मशीन. बॅटरी नाही, पॅनल नाही, स्टँड नाही, चार्जर नाही. बॅटरी 12 व्होल्ट 7 ची लावा.’ किंमतीचं स्टिकर त्याच्या खाली. मी विचारलं तर म्हणाला, गिऱ्हाईक दोंडाईच्याहून येतं, घरी जाऊन खोकं उघडल्यावर परत कुठे फेरा मारायला लावू त्याला. चार शब्दांचं काम आहे, जो लपवत नाही त्याला जागा पुरते.

परत करायला गेलो तर उत्तर आलं की वस्तू वर्णनाप्रमाणेच आहे, फार तर 300 रुपये परत देऊ. ते आम्ही घेतले नाहीत. ई-कॉमर्सचे 2020 चे ग्राहक नियम आहेत, त्यात जाहिरातीत दाखवलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं हे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत धरलंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वर फोन करून तक्रार नोंदवली आहे, मराठीत बोलता येतं. तिथे नाही सुटलं तर धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, विक्रेता कुठलाही असो, आपण राहतो तिथे तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

पुरावा मात्र लगेच धरून ठेवा. ऑर्डर करतानाचा फोटो, नाव आणि किंमत एकाच स्क्रीनशॉटमध्ये घ्या, कारण आमच्या तक्रारीनंतर त्या पानावरचा ‘कंप्लीट’ शब्द गायब झालाय, दादाने ऑर्डरच्या दिवशीच नानांना दाखवायला स्क्रीनशॉट पाठवला होता म्हणून आमच्याकडे तो आहे. खोकं उघडतानाचा व्हिडिओ करा, आधी काट्यावर ठेवून वजन दाखवा. आणि मागवण्याआधी विक्रेत्याला मेसेजमध्ये एवढंच विचारा की ह्या किंमतीत बॅटरी, पॅनल, स्टँड, चार्जर यातलं काय काय येणार, आणि जे येणार नाही ते किती व्होल्टचं, किती अँपिअरचं घ्यायचं. फोनवर नको, लेखी उत्तर घ्या. ‘फोटो बघा’ असं उत्तर आलं तर तिथे पैसे भरू नका.