डॅशकॅमसाठी साधं कार्ड की हाय एन्ड्युरन्स?

अंधेरीला टॅक्सी चालवणाऱ्या मामेभावाने विचारलं, "दादा, कॅमेरा मध्येच थांबतो, फाइल उघडत नाही. तसंच साधं कार्ड घेऊ की महागातलं?"

आधी त्याचा वापर मोजला. 15 मेगाबिट प्रति सेकंद वेगाने तासाला पावणेसात जीबी भरतात. म्हणजे 64 जीबीचं कार्ड साधारण नऊ तासांत भरतं आणि त्याच्या दहा तासांच्या दिवसात रोज एकदा पुसून पुन्हा लिहिलं जातं. साधं कार्ड स्वस्त, पण ते फोटो-गाण्यांसाठी असतं. अशा सततच्या लिखाणाने त्याच्या पेशी लवकर झिजतात, आणि बऱ्याच कार्डांची वॉरंटी डॅशकॅमचा वापर धरतच नाही. हाय एन्ड्युरन्स कार्ड सततच्या रेकॉर्डिंगसाठीच बनवलेलं असतं, आणि ते किती तास टिकेल हे पाकिटावर दिलेलं असतं. 5,000 तास असतील तर त्याचे 500 दिवस होतात.

कष्ट मात्र दोन्हीकडे सारखेच. आपल्या खड्ड्यांत जी-सेन्सर प्रत्येक धक्क्याला अपघात समजून फाइल लॉक करतो. लॉक फाइल पुसली जात नाही, जागा संपते, रेकॉर्डिंग थांबतं. म्हणून सेन्सर 'लो'वर ठेवायचा, हवे ते व्हिडिओ काढून महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं. फॉरमॅटनंतरही फाइल बिघडल्या, तर कार्ड बदलायचं.

रोज गाडी चालवणाऱ्याने हाय एन्ड्युरन्सच घ्यावं. फक्त रविवारी गाडी काढणाऱ्याला नामांकित साधं कार्ड पुरतं.