एकच बायबल, दोन उपासना: विटेनबर्ग आणि झुरिक

श्रद्धेचा अंतिम आधार पोप किंवा धर्मसभा नव्हे, तर फक्त बायबल, यावर सोळाव्या शतकातले ख्रिस्ती धर्मसुधारक ल्यूथर आणि झ्विंग्ली दोघेही ठाम होते. जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये ल्यूथरने उपासनेतून बायबलच्या विरोधात जाईल तेवढेच काढले. वेदी, मेणबत्त्या, चित्रे राहिली आणि लोक जर्मनमध्ये स्तोत्रे गाऊ लागले. झुरिकमध्ये झ्विंग्लीची कसोटी कडक होती: बायबलने सांगितले नसेल, ते नको. १५२४ मध्ये चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे हटवली गेली, १५२५ मध्ये मिस्सा ही जुनी कॅथलिक उपासना बंद झाली. स्वतः उत्तम वादक असूनही त्याने उपासनेतून संगीत वगळले. साध्या भाविकाला ल्यूथरचीच वाट सोसवली असेल, असे मला वाटते.

खरी अडचण अधिकाराची होती. १५२९ मध्ये मारबुर्ग शहरातल्या भेटीत, शेवटच्या भोजनात भाकरी देताना ख्रिस्ताने उच्चारलेल्या ‘हे माझे शरीर आहे’ या वचनाच्या अर्थावरून दोघांचे फाटले, आणि निवाडा करणारा पोप आता दोघांनाही मान्य नव्हता. झुरिकमध्ये तर काय बदलायचे आणि कधी, हे नगर परिषद ठरवत होती.